ढोलपथकाचा सराव आणि भाचीचा पहिला कॅमेरा: शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओच्या नोंदी

१२ जुलै, शनिवार

भाचीने सेकंडहँड डीएसएलआर घेतलाय, २४ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ ची किट लेन्स. तिच्या दोन मैत्रिणी यंदा ढोलपथकात आहेत आणि तिला गणपती येईपर्यंत त्यांच्या सरावाचे बरे फोटो काढता यायला हवेत, तेही रात्रीचे. सराव नदीपात्रातल्या रस्त्याकडेच्या मांडवात, संध्याकाळी सुरू होतो आणि अर्धा वेळ अंधारातच चालतो. म्हणजे शिकायला सगळ्यात अवघड जागा निवडली बाईंनी, पण मला ते बरंच वाटलं, कारण भर उन्हात तिन्ही सेटिंग कशीही ठेवली तरी फोटो येतो आणि मग शिकायला काही उरत नाही.

आज मुद्दाम काहीच सांगितलं नाही, ऑटोवर काढू दिलं. अंधार पडल्यावरच्या फोटोंची माहिती उघडून बघितली तर बहुतेक ठिकाणी शटर १/३०, म्हणजे पडदा सेकंदाचा तिसावा भाग उघडा, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक एफ ५ च्या आसपास, आणि आयएसओ, म्हणजे आलेला उजेड किती मोठा करून दाखवायचा तो आकडा, ३२००. उजेड बरोबर आलाय, पण टिपरू गायब, हात म्हणजे धूर, चेहरे पुसट.

"मावशी, फोकस गंडलाय का गं याचा?"

फोकस नाही. हे ओळखायला फोटो पूर्ण मोठा करून मांडवाचा बांबू बघायचा. बांबू कडक आणि माणूस पुसट असेल तर माणूस हलला, शटर हळू पडलं. बांबू, माणूस, मागचा बॅनर सगळंच एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर आपला हात हलला. आणि आपण जिच्यावर रोखला ती पुसट पण तिच्या मागची मुलगी कडक, तर मात्र फोकस चुकला. तिच्या फोटोंत बांबूच्या गाठीसुद्धा मोजता येत होत्या. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे, त्याने हाताची थरथर सांभाळली, पण समोरच्याच्या हलण्यावर त्याचा काही उपाय नसतो. दुकानदार हे सांगत नाहीत.

ऑटोला समोर ढोल आहे की देव्हारा हे कळत नाही. उजेड कमी दिसला की ते आपल्या हिशोबाने तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या ढकलतं. यातलं कुठलं ढकलायचं नाही हे आपण ठरवायचं, एवढंच शिकायचंय.

१३ जुलै, रविवार

घरी, बाल्कनीत. मोडची चकती M वर, म्हणजे तिन्ही सेटिंग हाताने, आणि समोर तुळशीची कुंडी. आज फक्त खटके मोजायला शिकवलं.

या कॅमेऱ्यात चाक एकदा फिरवलं की एक खटका, आणि तीन खटके म्हणजे एक स्टॉप. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. शटरचं समजायला सोपं आहे, १/१२५ चं १/२५० केलं की पडदा निम्मा वेळ उघडा, म्हणून निम्मा उजेड. आयएसओही सरळ, ४०० चं ८०० केलं की फोटो दुप्पट उजळ. अ‍ॅपर्चरच्या आकड्यांपाशी सगळेच अडखळतात: २.८, ४, ५.६, ८, ११, दर पायरीला उजेड निम्मा होतो पण आकडा दुप्पट होत नाही आणि वर मोठा आकडा म्हणजे बारीक भोक. कारण तो आकडा भोकाचा नाहीच, भागाकाराचं उत्तर आहे. लेन्सची फोकल लांबी, म्हणजे १८ ते ५५ मधला झूमचा आकडा, भागिले भोकाचा व्यास. झूम ५५ वर नेऊन एफ ५.६ ठेवलं तर ५५ भागिले ५.६, म्हणजे साधारण १० मिलिमीटरचं भोक. एफ ११ केलं की ५. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून ५.६ ते ११ हे दोन स्टॉप. हे तिला कागदावर दोन गोल काढून दाखवलं तेव्हा पटलं. (शाळेत पाय आर वर्ग कशाला शिकतो याचं उत्तर अखेर मिळालं म्हणाली.)

मग कुंडीचे फोटो. एफ ८, १/१२५, आयएसओ २०० ला उजेड बरोबर आला. मग शटर तीन खटके वेगवान, १/२५०, फोटो काळपट. आयएसओ तीन खटके वर, ४००, पुन्हा पहिल्यासारखा. मग अ‍ॅपर्चर एफ ५.६ आणि आयएसओ परत २००, पुन्हा तसाच. तिन्ही फोटो शेजारी लावले तर उजेडात फरक नाही. फरक कुठे आहे ते शोध म्हटलं. एफ ५.६ मध्ये मागच्या ग्रिलच्या पट्ट्या जरा विरघळल्यात, ते तिने स्वतः पकडलं.

तर बाहेरचा उजेड आहे तेवढाच असतो आणि तो आपल्या हातात नाही. एकीकडे तीन खटके घेतले की दुसरीकडे तीन खटके द्यायचे. किराणा दुकानातल्या जुन्या तराजूसारखं आहे हे, एका पारड्यात टाकलं की दुसऱ्यात टाकल्याशिवाय काटा मध्ये येत नाही.

१९ जुलै, शनिवार

आजचा प्रयोग मला स्वतःलाच बघायचा होता. शटर १/२५० आणि अ‍ॅपर्चर एफ ५.६ यांना हात लावायचा नाही, झूम ५५ वर, आणि संध्याकाळ उतरत जाईल तसा फक्त आयएसओ वाढवत जायचा. एफ ५.६ का, तर किट लेन्स ५५ वर त्याहून जास्त उघडतच नाही. लेन्सच्या तोंडाशी ३.५-५.६ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हाच, १८ वर ३.५ मिळतं आणि झूम करत गेलं की ते आपोआप ५.६ पर्यंत घसरतं. झूम केल्यावर फोटो हलतात ही नव्या लोकांची तक्रार निम्मी तरी इथून येते, आणि उरलेली निम्मी लांब झूमवर हाताची थरथर मोठी दिसते म्हणून.

ढगाळ होतं. साडेसहाच्या सुमारास मांडवाबाहेर आयएसओ ४०० ला उजेड बरोबर. पोरं ढोल ताणत होती, कोणी घाईत नव्हतं. सव्वासातला, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी, १६०० लागला. आणि मग गंमत, पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत ६४०० वर गेलो. आपल्या डोळ्याला तेव्हा "अजून दिसतंय की" असंच वाटत असतं, कारण डोळा जुळवून घेतो, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने उजेड पाव झालेला असतो. मांडवातले एलईडी लागले आणि सगळे आत गेले तेव्हा १२८०० ला कुठे फोटो बरा आला. साडेसहाच्या ४०० पासून हे पाच स्टॉप, म्हणजे उजेड बत्तीस पटीने कमी. डोळ्याने सांगितलं असतं का कोणी?

१२८०० चा फोटो बघून तिचं तोंड उतरलं. चेहऱ्यावर रव्यासारखे दाणे, केसांत जांभळे ठिपके, भगव्या फेट्याचा रंग मळकट. पण टिपरू दिसतंय! हात हात दिसतोय, ताशावालीचे दात ओठावर आवळलेले दिसतायत. गेल्या शनिवारचा १/३० चा फोटो शेजारी लावला आणि विचारलं यातला कुठला मैत्रिणीला पाठवशील. दाणेदारच पाठवला.

माझं मत स्पष्ट आहे. इंटरनेटवर नव्या लोकांना आयएसओची भीती घालून ठेवलीय, १०० च्या वर जाऊ नका, ८०० म्हणजे फोटो खराब वगैरे, आणि मग ही मुलं अंधारात आयएसओ ४०० धरून बसतात आणि सगळे फोटो हललेले आणतात. दाणे नंतर सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी कमी होतात, मोबाइलच्या स्क्रीनवर तर अर्धे दिसतच नाहीत. पुसट झालेला हात परत कडक करता येत नाही.

२० जुलै, रविवार

"पण १/२५० च का?" हा प्रश्न रात्रीच मेसेजवर आला होता. बरोबर प्रश्न आहे.

तिने मोबाइलवर स्लो मोशन काढलं होतं, सेकंदाला २४० फ्रेम. ते एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितलं. ढोलाच्या कड्याचा अंदाज धरून मोजलं तर जोरात खाली येताना टिपऱ्याचं टोक दोन फ्रेमच्या मधे साधारण दोन सेंटिमीटर सरकतं. म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच मीटर. आता हिशोब सोपा: १/६० ला टोक आठ सेंटिमीटर सरकणार, म्हणजे फोटोत टिपरू नाही, नुसता पंखा. १/२५० ला दोन सेंटिमीटर, टोकाला थोडी शेपूट, पण टिपरू ओळखू येतं. १/१००० ला अर्धा सेंटिमीटर, तेव्हा कुठे कडक. पण १/१००० म्हणजे १/२५० पेक्षा आणखी दोन स्टॉप कमी, आणि आपण आधीच १२८०० वर आहोत. म्हणजे ५१२००. या कॅमेऱ्यात तो आकडा मेनूत असला तरी वापरण्यालायक नाही.

तर रात्री मांडवात किट लेन्सने टिपरू पूर्ण गोठवायचं हे जमणारच नाही, हिशोबातच बसत नाही.

पण त्याच व्हिडिओत आणखी एक दिसलं आणि हे मला फार आवडतं दाखवायला. टिपरू वर जातं, आणि अगदी वरच्या टोकाला क्षणभर थांबतं, मग उलटं फिरतं. त्या दोन-तीन फ्रेममध्ये ते जवळपास हललेलंच नाही. वेग सगळा मधल्या रस्त्यात असतो. म्हणजे बटण नेमकं हात वर असताना दाबलं तर १/१२५ लाही टिपरू कडक येऊ शकतं, आणि तसाही हात वर असतानाचाच फोटो चांगला दिसतो, छाती पुढे, मान मागे. ताल कळत असेल तर हे जमतं. पथकाचा ठेका ऐकत राहायचं आणि हात वर जायच्या जरासं आधी बटण दाबायचं, कारण डोळ्याने बघून दाबेपर्यंत तो खाली आलेला असतो. ताशाला हे लागू नाही, त्याच्या काड्या इतक्या भरभर चालतात की त्यांना थांबायला वेळच नसतो. तिथे काड्या पुसट आणि चेहरा कडक हाच फोटो, आणि तो वाईट दिसत नाही.

तिने दुपारभर उशीवर लाटण्याने सराव केला म्हणे, बहिणीला उभं करून. आमच्या ताईचा फोन आला मला, काय शिकवतेस पोरीला.

२६ जुलै, शनिवार

माझी ५० ची एफ १.८ लेन्स तिला दिली. झूम नाही, पुढे-मागे आपण चालायचं.

आधी हिशोब करून घेतला. ५.६ पासून १.८ पर्यंत तीन स्टॉप आणि वर एक खटका, म्हणजे जवळजवळ दहापट उजेड आत येतो. त्याच मांडवात, त्याच दिव्यांखाली, १/२५० ला जिथे १२८०० लागत होता तिथे आता १२५० पुरायला हवा. गेलो, लावलं, पुरला. दाणे जवळपास गेले, फेट्याचा रंग परत आला, ती नाचायचीच बाकी होती. "मावशी, मग लोक ही लेन्स आधीच का देत नाहीत कॅमेऱ्याबरोबर!"

घरी येऊन मोठे करून बघितले तर वेगळंच दुखणं. टिपरू कडक, मागचा अंधार मऊ, पण निम्म्या फोटोंत डोळे पुसट आणि ढोलाची दोरी कडक. का, तर पन्नासच्या लेन्सने या कॅमेऱ्यावर तीन मीटरवरून एफ १.८ ला काढलं की पुढे-मागे मिळून फक्त २५ सेंटिमीटरचा पट्टा कडक राहतो. ढोल पोटावर बांधलेला, त्याची पुढची कड चेहऱ्याच्या पुढे असते, आणि वादक काही पुतळा नसतो, ठेक्यावर पुढे-मागे झुलत असतो. फोकस लागल्यापासून बटण दाबेपर्यंत तो पट्ट्याच्या बाहेर. शिवाय ऑटोफोकसला जे ठळक दिसतं ते तो धरतो, म्हणून पांढऱ्या कुर्त्यावरची काळी दोरी त्याला चेहऱ्यापेक्षा प्यारी.

दुसऱ्या फेरीत दोन गोष्टी बदलल्या. फोकसचा एकच बिंदू निवडून तो चेहऱ्यावर ठेवायचा, आणि अ‍ॅपर्चर एफ २.८. त्याने पट्टा ३८ सेंटिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे एक माणूस झुलला तरी बहुतेक वेळा आत राहतो. त्याची किंमत एक स्टॉप आणि एक खटका, आयएसओ १२५० चा ३२००. मला हा सौदा मान्य आहे.

दोघींना एकत्र घ्यायचं असेल तर आणखी बारीक भोक लागेल, किंवा सोपं म्हणजे आपण अशा जागी उभं राहायचं की दोघी आपल्यापासून सारख्याच अंतरावर येतील. दोन पावलं बाजूला सरकलं की सगळा प्रश्न मिटतो आणि एकही खटका खर्च होत नाही. अख्खी रांग डोक्यापासून शेपटापर्यंत कडक हवी असेल तर ती दिवसाउजेडी काढ, असं सांगून टाकलं.

२ ऑगस्ट, शनिवार

आज नवीनच. पथकाने मांडवात दिवे बदललेत, स्वस्तातले एलईडी फ्लडलाइट. कंटिन्युअसवर तीन-चार फोटो लागोपाठ काढले की एक उजळ, पुढचा काळपट, तिसरा पिवळट, आणि काहींत आडवा काळा पट्टा. सेटिंग सगळी तीच. तिला वाटलं सेकंडहँड कॅमेऱ्याने दगा दिला, विकणाऱ्याला फोन लावायला निघाली होती.

कॅमेरा ठीक आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि असले दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला दिसत नाही. पण १/२५० म्हणजे चार मिलिसेकंद, आणि दिव्याचं एक पूर्ण आवर्तन दहा मिलिसेकंदांचं. त्यातला कुठला तुकडा आपल्या वाट्याला येईल हे नशीब. कधी उजेडाचा, कधी अंधाराचा. आणि वेगवान शटरला पडदा सेन्सरवरून फटीसारखा सरकत जातो, म्हणून एकाच फोटोत वर उजेड आणि खाली पट्टा असंही होतं.

खात्री करायची असेल तर शटर १/१०० करायचं. दहा मिलिसेकंद, बरोबर एक आवर्तन, बटण कधीही दाबा उजेड तेवढाच मिळणार. केलं, आणि लागोपाठचे सगळे फोटो एकसारखे आले. १/५० लाही तसंच. १/१२५ ला थोडा फरक राहतो, १/२५० च्या पुढे तर विचारूच नका. नव्या बऱ्याच कॅमेऱ्यांत यासाठी अँटी-फ्लिकर असतं, ते दिव्याच्या उजळ क्षणाची वाट बघून शटर मारतं, याच्यात नाही.

मग आता १/१०० ला टिपरू कसं कडक येणार? तर हात वर असताना. त्या रविवारच्या उशी-लाटण्याचा उपयोग झाला. फोटोंपैकी बरेच जातात, पण जे मिळतात त्यात हात, चेहरा, टिपरू तिन्ही चांगले, आणि १/२५० वरून १/१०० वर आल्यामुळे आयएसओ ३२०० चा १२५० झाला तो वेगळाच फायदा.

३ ऑगस्ट, रविवार

दाण्यांबद्दल आज नीट बसून बोललो, कारण तिच्या डोक्यात पक्कं बसलंय की आयएसओ वाढवला की कॅमेरा दाणे "घालतो".

आयएसओने उजेड वाढत नाही. उजेड भोकातून आणि वेळेतून येतो, बस. आयएसओ फक्त जे आलं त्याला मोठं करून दाखवतो, आणि थोडा उजेड आला असेल तर त्यातली खडबड पण मोठी होते. हे बघायला एक साधा प्रयोग केला. रात्री घरात, दिवा तोच, शटर आणि अ‍ॅपर्चर तेच, रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने जेपीईजी न बनवता ठेवलेल्या कच्च्या फाइलमध्ये, दोन फोटो. एक आयएसओ ३२०० ला, उजेड बरोबर. दुसरा ८०० ला, काळपट, आणि तो कॉम्प्युटरवर दोन स्टॉप उजळ केला. आयएसओ कमी म्हणजे दाणे कमी असतं तर दुसरा स्वच्छ यायला हवा होता. तसाच दाणेदार आला, उलट कपाटाखालच्या सावलीत जरा जास्तच. म्हणजे कमी आयएसओ धरून काळा फोटो काढायचा आणि घरी उजळ करायचा यात कमाई काही नाही, आणि जेपीईजीत तर आणखी वाट लागते.

म्हणून आमचा क्रम असा ठरलाय: आधी शटर, कारण काय हलतंय आणि दिवे कसले हे ते ठरवतं. मग अ‍ॅपर्चर, किती खोलवर कडक हवं त्यानुसार. आणि मग आयएसओ जिथे जाईल तिथे जाऊ द्यायचा. फक्त तो ६४०० च्या वर जायला लागला की थांबून विचार करायचा, वरच्या दोनपैकी कुठे सूट देता येईल का, किंवा सरळ दिव्याच्या जवळ जाऊन उभं राहावं का. मांडवात दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं तर उजेड चौपटीच्या आसपास वाढतो, म्हणजे वादकांची जी रांग दिव्याखाली आहे तिचे फोटो काढायचे आणि कोपऱ्यातल्यांचा नाद सोडायचा.

एक मात्र खरं, जिथे काही हलत नाही तिथे हा क्रम उलटा. गणपतीची मूर्ती, रांगोळी, भिंतीला टेकवून ठेवलेले ढोल, तिथे कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा खुर्चीवर ठेवून आयएसओ १०० आणि शटर दोन सेकंद, काय बिघडतंय.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज तिच्या दोन सेटिंग पक्क्या केल्या.

मांडवात दिवे बदलत नाहीत, म्हणून तिन्ही हाताने: १/१००, एफ २.८, आयएसओ १२५०. उजेड कुर्त्यावर मोजायचा. पथकाचे कुर्ते पांढरे आणि मागे नदीपात्राचा काळोख. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो काळोख उजळायला जातो आणि कुर्ते जळतात, म्हणजे नुसता पांढरा कागद, एकही चुणी नाही. एक फोटो काढून स्क्रीनवर बघायचं, जळालेला भाग लुकलुकतो ते सेटिंग चालू केलंय. कुर्ता लुकलुकला की आयएसओ एक खटका खाली, पुन्हा बघायचं, थांबला की सोडून द्यायचं आणि पुढे रात्रभर हात लावायचा नाही.

मांडवाबाहेर, संध्याकाळ उतरताना, उजेड दर काही मिनिटांनी बदलतो. तिथे M वरच शटर आणि अ‍ॅपर्चर आपण धरायचं आणि आयएसओ ऑटो, वरची हद्द ६४००. ही हद्द मेनूत घालावी लागते. एक गोष्ट लक्षात ठेवायची, हद्द गाठली की कॅमेरा ओरडत नाही, फोटो गुपचूप काळपट यायला लागतात. आकडा ६४०० वरच चिकटलेला दिसला की समजायचं आता शटर किंवा भोक द्यायची वेळ आली.

२३ ऑगस्ट, शनिवार

ध्वजाचे फोटो. सगळं शिकून झाल्यावर आता उलटं, मुद्दाम पुसट. १/२५० ला नाचवलेला ध्वज म्हणजे काठीला वाळत घातलेलं कापड दिसतं. १/५० ला भगव्याचा झोत येतो, आणि १/५० म्हणून दिव्यांचाही त्रास नाही. १/१५ लाही करून बघितलं, ध्वज सुंदर पण ध्वज धरणारी मुलगीही विरघळली. १/५० आणि १/३० च्या मधे आम्हा दोघींचं एकमत नाही, तिला ३० आवडतो. चेहरा स्थिर राहावा म्हणून ती ध्वज वळवताना जिथे पाय रोवून उभी राहते तो क्षण धरायचा, तिथे तिचं डोकं हलत नाही, फक्त हात.

शटर एवढं हळू केल्यावर उजेड बदाबदा वाढतो, तेव्हा १/१०० वरून १/५० म्हणजे तीन खटके आले, ते परत द्यायचे. आज मी काही बोलले नाही, बघत होते. तिने आयएसओ कमी केला नाही, अ‍ॅपर्चर २.८ चं ४ केलं. का गं विचारलं तर म्हणाली, मागे ताशेवाले आहेत ना, ते पण थोडे दिसू देत.

२७ ऑगस्ट, बुधवार

आगमन, दुपारची मिरवणूक. मी गेले नाही, तिने रात्री फोटो पाठवले. माहिती उघडून बघितली: १/१०००, एफ ५.६, आयएसओ ८००, किट लेन्स. टिपऱ्याचं टोक कडक, त्याला बांधलेला दोरा मोजता येतोय. पन्नासची घरी ठेवली कारण मिरवणुकीत गुलाल उडतो आणि तिथे लेन्स बदलायला कॅमेरा उघडला तर सेन्सरवर गुलाल, हे मी सांगितलं होतं. फक्त रांगेच्या फोटोत मागच्या तिघी पुसट आहेत, तिथे एफ ११ करून आयएसओ ३२०० चालला असता. कळवलंय. विसर्जनाला रात्री उशिरापर्यंत थांबायचं म्हणतेय, तेव्हा पन्नासची लावूनच निघ म्हटलं, आणि दोन बॅटऱ्या.